आमच्या घरातलं पोटाचं दुखणं

आमच्या अकोल्याच्या घरात बाईच्या शरीराला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच नाव होतं, पोट. कंबर धरली तरी पोट, पाळी आली तरी पोट. आईचं एक मूल पोटातच गेलं, तेव्हाही तिचं पोट बिघडलंय असंच आम्हा भावंडांना सांगितलं गेलं. वडील वकील होते. कोर्टात एकेका शब्दाचा कीस पाडायचे आणि घरी आले की या एका शब्दावर सगळ्या बायकांची दुखणी भागवून न्यायचे.

त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच राहायची. लग्न झालं आणि फार लवकर नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग माहेरीच आली. लोकांना वाटतं तशी ती कोपऱ्यात बसून जप करणारी बाई नव्हती. तोंडानं फटकळ, हातानं चटपटीत आणि खाण्याची भारी हौशी. तिचा गोळाभात खायला वडिलांचे अशील मुद्दाम दुपारच्या वेळेला यायचे असा आईचा संशय होता. बेसनाचे गोळे भातात वाफवायचे, वरून फोडणीचं तेल ओतायचं आणि सगळ्यांना वाढून झालं की पातेलं पुढ्यात घेऊन बसायचं, हा तिचा शिरस्ता. वडील चिडवायचे, तर म्हणायची, "देवानं बाकी सारं नेलं, भूक तं ठेवली नं माझ्याजवळ."

मी मॅट्रिकच्या आसपास होते, म्हणजे साठ सालाच्या थोडं अलीकडे-पलीकडे, तेव्हा ती भूक गेली. म्हणजे लागायची, पण दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरल्यासारखं व्हायचं तिला. पातेलं तसंच सरकवून द्यायची. आईला वाटलं चव बिघडली, मग वाटलं रुसली. दिवसातून कितीदा तरी ती लोटा घेऊन परसात जायची. कंबरेत कळ येते म्हणायची, पण जात्यावर बसणारी बाई, कंबर दुखणारच. अंगावर नऊवारी. ते रोज नव्यानं नेसायचं, रोज नव्यानं खोचायचं, त्यामुळे पोट वाढतंय हे नेसणारीलाही पटकन कळत नाही. कळलं ते शेजारणीला. विहिरीवर तिनं आईला विचारलं, "तुमच्या नणंदेचं लुगडं समोरून वर काहून चढून राहिलं वं?"

हा प्रश्न विचारणारीला काय म्हणायचंय ते आईला कळलं. मला तेव्हा कळलं नाही, पण घरातली हवा बदललेली कळली. वडिलांनी आत्याचं देवळात जाणं बंद केलं. अशील आले की तिनं माजघराच्या बाहेर यायचं नाही. गोळाभाताला कुणी येईना. विधवा बाईचं पोट दिसायला लागलं म्हणजे काय, याचा आमच्या घरानं एकच अर्थ लावला आणि तो लावायला वकिलाला कसलाही पुरावा लागला नाही. याची मला आजही लाज वाटते. मी तेव्हा पोर होते, माझा त्यात काही हात नव्हता. पण घराची लाज हात होता की नाही ते विचारत नाही, ती अंगाला लागते.

एका दुपारी मला मैत्रिणीकडे अभ्यासाला पिटाळलं. मी वही विसरले म्हणून परत आले, तर मागच्या दारानं सुईण बाहेर पडत होती. आत आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. वडील ओसरीवर फेऱ्या मारत होते, त्यांच्या कानाशी लागून आई काहीतरी बोलली आणि वडील मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. 'तसलं' काही नाही, असं सुईणीनं हात लावून सांगितलं होतं. वडिलांनी चहा मागितला. संध्याकाळी वैद्याकडून वायगोळ्याचं औषध आलं आणि प्रकरण मिटलं. आत्याला काय झालं नाही ते कळल्यावर काय झालंय हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढे तिच्या पोटात पाणी भरलं. हातपाय काटकुळे आणि पोट ढोलासारखं. श्वास लागायला लागला तेव्हा वडील तिला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेले, अकोल्यात कुणी बघायला नको म्हणून. टांग्यात बसवताना ती वडिलांना म्हणाली, "आता तरी पटलं का रे तुले?" वडिलांनी टांगेवाल्याला घाई केली. दवाखान्यात पाणी काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. ती तिथेच गेली. घरात सांगायचं ठरलं ते असं, की आत्या जलोदरानं गेली. काही दिवसांनी तेही सांगणं बंद झालं. तिचं नाव निघालं की कुणीतरी विषय बदलायचं, आणि हळूहळू नाव निघायचंच थांबलं.

खरं काय ते आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. वडील गेल्यावर, तेही गोधडीला टाके घालताना, मान वर न करता. अमरावतीच्या डॉक्टरनं वडिलांना सांगितलं होतं की पिशवीशेजारी गाठ आहे, अंडाशयाची, तिनंच पाणी धरलंय, फार उशीर झालाय. वडिलांनी ते आईशिवाय कुणालाच सांगितलं नाही. विधवा बहिणीच्या बाबतीत असले अवयव तोंडानं कसे घ्यायचे! "कोणाले सांगजो नको," आई म्हणाली. मी तरी कोणाला सांगणार होते?

तोवर मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. लग्न केलं नाही. का केलं नाही हा वेगळा विषय आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की मी शरीरविज्ञान शिकवायचे आणि जननसंस्थेचा धडा आला की 'हा घरी वाचून घ्या' म्हणून फळा पुसायचे. अकोल्याचं घर मी पेटीत भरून बरोबर आणलं होतं.

निवृत्तीनंतरच्या दिवसांतली गोष्ट. नवं शतक लागलं होतं, घराघरात मोबाइल यायला लागले होते. मला आधी वाटलं जेवण मानवत नाहीये. तूरडाळीचं वरण, पिठलं, भाकरी हे आयुष्यभर पचवलेलं पोट दुपारी जेवलं की फुगायला लागलं. आमच्या वऱ्हाडात गॅस होणं हा काही आजार नाही, तो बोलण्याचा विषय आहे. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही काढा, माणसं हौसेनं बोलतात. मीही बोलायला लागले. ओवा खाल्ला, हिंग लावला, रात्रीचं जेवण सोडलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, वय झालं बाई, आता पहिल्यासारखं थोडंच पचणार?

पण पोट रिकामं असतानाही फुगलेलंच असायचं. थोडंसं खाल्लं की पुरे. लघवीला सारखं जावं लागायचं, इतकं की बसनं कुठं जायचं म्हटलं की स्टँडवरचं स्वच्छतागृह कुठं आहे ते आधी आठवायचं. ओटीपोटात डावीकडे एक जडपणा, दुखणं म्हणण्याइतकाही नाही. परकराची नाडी बांधताना गाठ सरकत सरकत टोकाकडे आली होती आणि ब्लाउज मात्र दंडात सैल झाला होता. यातलं एकेक वेगळं घ्या, प्रत्येकाला उत्तर होतं. फुगणं म्हणजे गॅस, लघवी म्हणजे वय, जडपणा म्हणजे बद्धकोष्ठ, दंड सैल म्हणजे बरंच झालं, वजन उतरलं. ही सगळी एकाच वेळी, नव्यानं आणि जवळजवळ रोज का होतायत, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आमचे डॉक्टर चांगले होते. वयस्क, गर्दीचे, घाईचे. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, लघवी तपासली, साखर तपासली. सगळं ठीक. पुन्हा गेले, गोळ्या बदलल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, घरी एकट्याच असता ना? मन रमवा कुठंतरी." बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू गेलं असेल असं वाटून माझे कान तापले. एकटी राहणारी म्हातारी बाई वारंवार पोट घेऊन डॉक्टरकडे जाते, तिला काय म्हणतात ते मला माहीत होतं. शाळेत अशा बाईंना आम्हीच नाटकी म्हणायचो.

त्याच सुमारास पेपरच्या पुरवणीत वाचलं की अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्ताची एक तपासणी असते, सीए १२५ नावाची. वाचल्यावर पुरवणी घडी करून गादीखाली ठेवली, जणू त्यात काही अश्लील होतं. मग एका सकाळी धीर करून डॉक्टरांना म्हटलं, एवढी एक करून टाकू, म्हणजे मनातलं जाईल. त्यांनी मान डोलावली. तपासायला म्हणून त्यांनी माझ्या पोटावर साडीवरूनच हात ठेवला, मीही साडी बाजूला केली नाही. दोघंही एकमेकांची अब्रू राखत होतो. घरात कुणाला असं काही होतं का, आईला, बहिणीला? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईला नाही, बहीण नाही. उत्तर शब्दशः खरं होतं. वकिलाची मुलगी मी.

रक्त मुंबईला गेलं. रिपोर्ट आला, पस्तीसच्या आत हवा होता, माझा त्याहून बराच खाली. डॉक्टरांनी कागदावर बोट आपटलं, "नॉर्मल! आता विसरा." मी येताना पेढे घेतले. शेजारच्या वहिनींना एक दिला, त्यांनी कशाचा म्हणून विचारलं तेव्हा म्हटलं, सहज. आणि त्यानंतर कुठलीही तक्रार करायची मला चोरी झाली. आता दुखतंय म्हणायचं कोणत्या तोंडानं? यंत्रानं सांगितलं होतं ना, काही नाही म्हणून. पोट फुगतच होतं आणि मी ते ब्रह्मदेवाच्या रिपोर्टाविरुद्ध फुगतंय अशा अपराधी भावनेनं पदराखाली झाकत होते.

असे काही आठवडे गेले. मग धाकट्या भावाकडे अकोल्याला गेले. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वडिलांसारखाच वकील, वडिलांसारखाच आतल्या गाठीचा, पण माझ्यावर जीव. त्याची एकुलती एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. भावजयीनं माझ्यासाठी गोळाभात केला. मी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं. मधेच उठून न्हाणीघरात जाऊन आले. परत येऊन बसते तो भाऊ हसत हसत म्हणाला, "काय गं, आत्यासारखी उठबस करून राहिली तू!"

त्याच्या तोंडून ते निघून गेलं. चाळीसेक वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा निघालं असेल. भाची म्हणाली, "कोणती आत्या, बाबा? आत्या तं हीच हाय." भाऊ भाताकडे बघत राहिला. भावजय ताक आणायला म्हणून उठून गेली. मला मात्र सरकवलेल्या पातेल्याचा तो आवाज आठवला, लोटा आठवला, समोरून वर चढलेलं लुगडं आठवलं. आत्याची दुखणी मी लहानपणी बघितली होती आणि आईनं त्यांचं नावही मला सांगितलं होतं. तरी ती माझ्या अंगात येऊन बसली तेव्हा मी ती ओळखली नव्हती, कारण आमच्या घरी ती ओळखायचीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याची गाडी पकडली आणि अमरावतीत एका बाईडॉक्टरांकडे गेले. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. बाहेर सगळ्या पोटुशा पोरी, मधे मी, पांढरे केस, मांडीवर पिशवी. एकीच्या सासूनं मला विचारलं, "सूनबाई आत गेली का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, पण खरं सांगणं मला जमलं नसतं.

आत गेल्यावर रिपोर्ट पुढे केला, जसा पोरं निकाल पुढे करतात. म्हटलं, हा तर नॉर्मल आहे, उगीच आले बहुतेक. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला. "हा असू दे. तुम्हाला काय होतंय ते सांगा."

मी सांगितलं. फुगणं, दोन घासांत भरणं, लघवी, जडपणा. किती दिवस, रोज की कधीमधी, पूर्वी कधी होतं का, असं त्यांनी खोदून विचारलं. मग, "घरात कुणाला?" मी म्हटलं, आईला नाही. "आईच्याच बाजूचं नाही विचारत. वडिलांच्या?"

एवढी वर्षं शिकवलेली बाई मी, आणि एक वाक्य तोंडातून काढायला कचरत होते. आत्याला अंडाशयाची गाठ होती, एवढंच वाक्य. ते म्हणताना मला वाटलं मी वडिलांविरुद्ध साक्ष देतेय. शेवटी खिडकीकडे बघत बोलले, सगळंच बोलले, सुईणीसकट. डॉक्टर कागदावर टिपत गेल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. वडिलांकडूनही येतं हे. वडिलांना स्वतःला हा आजार होत नाही, म्हणून कुणी मोजत नाही."

"पण रिपोर्ट?" मी पुन्हा विचारलं. माझा त्या कागदावर अजून जीव होता.

"ही तपासणी रक्तातलं एक प्रथिन मोजते, बाई. गाठ ते रक्तात सोडेलच असं नाही. लहान असते, अंडाशयातच असते, तेव्हा तर कितीतरी जणींचा आकडा अगदी नॉर्मल येतो. आणि उलटंही होतं. माझ्याकडे पोटाच्या टीबीच्या पोरी येतात, आकडा शेकड्यांत असतो, घरचे कॅन्सर म्हणून रडत आणतात. पाळीत वाढतो, साध्या गाठींनी वाढतो. वाढला म्हणजे आहे असं नाही, नाही वाढला म्हणजे नाही असं तर मुळीच नाही."

मग तपासणी. लग्न झालेलं नाही हे त्यांना सांगताना माझा चेहरा इतका पडला असेल की त्यांनीच म्हटलं, आतून नको, पोटावरून बघू, पण त्यासाठी लघवी तुंबवून बसावं लागेल. ज्या बाईला एवढ्यातेवढ्यात जावं लागतं तिला बाटलीभर पाणी पाजून बाकावर बसवलं. तो अर्धापाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. शेजारची गरोदर पोरगी मला म्हणाली, "काकू, पाय आवळून धरा, मी तसंच करते." आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट मला बिनलाजेची आठवते.

सोनोग्राफीत डावीकडे गाठ दिसली. थोडी पाण्याची, थोडी भरीव. भरीव भाग डॉक्टरांना आवडला नाही. मी विचारलं, सुई घालून बघता येईल का? त्या म्हणाल्या, नको, फुटली तर आतलं पोटात पसरायचं, अख्खी काढूनच तपासायची. नागपूरला ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशयं, पिशवी, आतड्यांवरची चरबीची झालर, सगळं काढलं. गाठ कर्करोगाची होती, पण अंडाशयाच्या बाहेर गेलेली नव्हती. नंतर सलाईनमधून औषधं, केस गेले, पुन्हा आले, आधीपेक्षा मऊ. पुढच्या तपासण्यांना गेले तेव्हा मीच विचारलं, आता ती रक्ताची तपासणी करायची ना दर वेळी? तिथले डॉक्टर म्हणाले, तिचा खरा उपयोग इथेच, उपचारानंतर लक्ष ठेवायला. पण ज्यांचा आकडा आधी वाढलेला असतो त्यांना. तुमचा गाठ असतानाच वाढला नव्हता, तर तुम्हाला ती काय सांगणार? म्हणजे ज्या कागदाचे मी पेढे वाटले, तो माझ्या काहीच कामाचा नव्हता, आधीही आणि नंतरही.

भाऊ नागपूरला येऊन राहिला होता. खुर्चीवर बसल्या बसल्या झोपायचा, डबा आणायचा, माझ्या डोक्याला रुमाल बांधून द्यायचा. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. घरी सोडायचा दिवस आला, तो सामान बांधत होता. पाठमोरा राहूनच म्हणाला, "लोकं विचारतील. पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणजो. कॅन्सर नको म्हणू. अन् आत्याचं तं काढूच नको."

"काहून?"

"पोरीचं पाहून राहिलो आहे नं. घराण्यात आहे म्हटलं तर कोण करंल तिले?"

भावाच्या पाठीकडे बघताना मला ओसरीवर फेऱ्या घालणारे वडील दिसले आणि एकदम लक्षात आलं की आता झाकायची बाई मी आहे. आजार बरा झाला होता, त्याची लाज मात्र जशीच्या तशी पुढे चालली होती, आणि ती माझ्या सख्ख्या भावाच्या हातून, मायेनं, माझ्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. मला त्याची कीव आली, रागही आला. आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली, की मी दुखण्यातून उठलेली बाई नाही, तर पोरीच्या लग्नातला अडथळा होते.

घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं आणि मी म्हटलं, पिशवीचं ऑपरेशन. सवय होती.

पुढच्या दिवाळीनंतर भाची एकटीच आली, न कळवता. तिचं लग्न ठरलं होतं. दारातच तिनं मला मिठी मारली, माझ्या आखूड केसांतून हात फिरवला. चहा झाला, साड्यांचं बोलणं झालं, मुलाचं कौतुक झालं. मग तिनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि हसत माझ्यासमोर धरला.

"आत्या, मी पण केली. ती रक्ताची. बाबाले नाही सांगितलं. पाह्य नं, एकदम नॉर्मल!"

तिच्या डोळ्यांत तोच उजेड होता, जो पेढेवाल्याकडे जाताना माझ्या चेहऱ्यावर असणार. तिला काही त्रास नव्हता, ती धडधाकट होती, चोवीस-पंचवीस वर्षांची पोर. कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला असता तर सुखानं लग्न करून गेली असती. मी तो कागद हातात घेतला, आणि वाचल्यासारखं केलं.

"माझाही नॉर्मलच होता," म्हटलं.

ती हसायची थांबली. "म्हणजे? गाठ होती तेव्हा?"

"तेव्हाच."

तिनं कागद माझ्या हातातून परत घेतला आणि त्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग तिनं विचारलं, "आजोबांच्या बहिणीले काय झालं होतं, आत्या? बाबा त्या दिवशी जेवताना बोलले, अन् मंग काही सांगतच नाही. मी लय विचारलं. म्हणे, आत्याले विचारू नको, तिले लाज वाटते."

"वाटते," मी म्हटलं. "तू बस. सांगते."